ग्लेझचा रंग भट्टीत का बदलतो आणि तो आधी कसा ओळखायचा

प्रश्न: मला फिरोजी रंग हवा होता म्हणून तांब्याचं ग्लेझ घरीच बनवलं. वोलॅस्टोनाइट, बोरॉन फ्रिट, पोटॅश फेल्डस्पार, काओलिन, सिलिका प्रत्येकी २० भाग आणि वर ३ टक्के कॉपर कार्बोनेट. इलेक्ट्रिक भट्टी, कोन ६. बादलीत रंग छान फिकट निळसर हिरवा दिसत होता. भाजल्यावर पांढऱ्या मातीच्या वाटीवर पानासारखा हिरवा आला आणि त्याच भट्टीतल्या लाल मातीच्या वाटीवर शेवाळी काळपट. भाजल्यावर रंग इतका का बदलतो? आणि जुने कुंभार आधीच कसं ओळखतात?

उत्तर:

तुमचं तांबं दोन्ही वाट्यांवर अगदी नियमाप्रमाणे वागलं आहे. या रेसिपीत कॅल्शियम भरपूर आहे, आणि कॅल्शियमच्या संगतीत तांबं हिरवंच येतं. फिरोजी हवा असेल तर तांब्याचं प्रमाण बदलून काही होणार नाही, ज्या काचेत ते विरघळतं ती काच बदलावी लागेल. लाल मातीवर जे झालं त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी बादलीचं पाहू, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. बादलीत आहे ती पाण्यात तरंगणारी दगडाची भुकटी. काच अजून तयार व्हायची आहे. भुकटीच्या प्रत्येक कणावरून प्रकाश उधळतो, म्हणून सगळं मिश्रण पांढुरकं दिसतं. पारदर्शक बाटली कुटली तरी तिची पांढरी पूड होते, ती याच कारणाने. या पांढऱ्या गर्दीत तुम्हाला जी हिरवट निळी झाक दिसली ती कच्च्या कॉपर कार्बोनेटच्या पुडीची होती. हे कार्बोनेट भट्टी तापायला लागल्यावर लवकरच फुटतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातं आणि मागे उरतं काळं कॉपर ऑक्साइड. म्हणजे भट्टी मध्येच थांबवून वाटी बाहेर काढली असती तर ती मळकट राखाडी दिसली असती. पुढे फ्रिट वितळतं, मग बाकीचे घटक त्यात ओढले जातात, आणि ते काळं ऑक्साइड द्रव काचेत विरघळून जातं. तुम्ही बघता तो रंग इथे पहिल्यांदा तयार होतो.

याचा पडताळा हवा असेल तर एक सोपा प्रयोग करा. तेच ग्लेझ ३ टक्के कार्बोनेटऐवजी साधारण २.२ टक्के काळ्या कॉपर ऑक्साइडने बनवा. बादलीत ते सिमेंटसारखं करडं दिसेल. भाजल्यावर मात्र जवळपास तोच पानाचा हिरवा येईल, कारण दोन्हींतून काचेत जाणारं तांबं सारखंच आहे. ऑक्साइडचे कण थोडे जाड असले तर कुठे कुठे काळे ठिपके राहतील, एवढाच फरक. कोबाल्ट कार्बोनेट तर बादलीत फिकट जांभळट गुलाबी दिसतं आणि भाजल्यावर गडद निळं येतं. बाजारातल्या काही तयार ग्लेझमध्ये ओळखीसाठी जळून जाणारा रंग घातलेला असतो, त्यामुळे तिथे ओल्या रंगावर अजिबात जाऊ नका. अपवाद सिरॅमिक स्टेनचा. ते कारखान्यात आधीच मोठ्या तापमानाला भाजून स्थिर केलेले असतात, म्हणून बरणीतला आणि भाजलेला रंग बराच जुळतो. पण तेही पूर्ण बिनधास्त नाहीत: क्रोम आणि टिनचा गुलाबी स्टेन जस्त असलेल्या ग्लेझमध्ये घातला की मळकट तपकिरी होऊन बसतो.

तांब्याला शेजार कोणाचा आहे

काचेत विरघळलेल्या तांब्याच्या प्रत्येक आयनभोवती ऑक्सिजनचे अणू असतात. ते किती जवळ आहेत आणि त्यांची मांडणी कशी आहे यावर तांबं प्रकाशातला कोणता भाग शोषणार हे ठरतं. त्या ऑक्सिजनला पलीकडून सोडियम-पोटॅशियम ओढत असेल तर मांडणी एक प्रकारची होते आणि उरलेला प्रकाश निळ्याकडे झुकतो. कॅल्शियम किंवा जुन्या ग्लेझमधलं शिसं शेजारी असेल तर तो हिरव्याकडे जातो. भट्टीतला ऑक्सिजनच तोडला, म्हणजे रिडक्शन केलं, तर तांब्याची अवस्थाच बदलते आणि अर्ध्या टक्क्याहून कमी तांब्यातून रक्तासारखा लाल निघू शकतो. तुमची भट्टी विजेची असल्याने तो रस्ता इथे बाजूला ठेवू.

आता शेजार मोजायचा कसा? रेसिपी वजनात लिहिलेली असते आणि वजनावरून हे कळत नाही. यासाठी आपण सेगर सूत्र वापरतो. हर्मान सेगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात ग्लेझकडे बघायची ही पद्धत घातली. १८८६च्या सुमाराचे पायरोमेट्रिक कोनही त्याचेच. कल्पना अशी की ग्लेझमधले सगळे वितळवणारे ऑक्साइड, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे, त्यांच्या रेणूंच्या संख्येने मोजायचे आणि त्यांची बेरीज एक धरायची. मग कोणाचा वाटा किती ते उघड दिसतं. ग्लेझचा हिशोब करणारी सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतात. फ्रिटचं घटकपत्रक तेवढं हाताशी हवं.

तुमच्या रेसिपीचा मी असा हिशोब करून पाहिला, नेहमीचं कॅल्शियम-बोरॉन फ्रिट धरून. वितळवणाऱ्या दहा भागांपैकी जवळपास आठ कॅल्शियमचे निघतात आणि सोडियम-पोटॅशियम मिळून जेमतेम दोन. कॅल्शियम दोन वाटांनी येतंय, वोलॅस्टोनाइटमधून आणि फ्रिटमधून. फेल्डस्पार आहे म्हणून ग्लेझ अल्कलीचं असेल असं पुडीच्या नावावरून वाटतं, पण आकडा तसं म्हणत नाही. हे सूत्र आधी बघितलं असतं तर रंग हिरवा येणार हे भट्टी लावण्याआधीच सांगता आलं असतं. ‘जुने कुंभार ओळखतात’ त्यातला मोठा भाग हाच आहे. काहींनी हिशोब कधीच केलेला नसतो, पण अमुक फ्रिटवर तांबं निळं येतं हे त्यांना हातसवयीने माहीत असतं. हिशोबाचा फायदा असा की अनोळखी रेसिपीही वाचता येते.

लाल माती

लाल मातीत लोह असतं आणि वितळलेलं ग्लेझ स्वस्थ बसत नाही. ते खालच्या मातीचा पातळ थर खाऊन आपल्यात मिसळून घेतं. त्या थराबरोबर लोह ग्लेझमध्ये येतं आणि ऑक्सिजन असलेल्या भट्टीत पिवळट ते तपकिरी छटा देतं. हिरव्यात ती मिसळली की शेवाळी होणारच. शिवाय तुमचं ग्लेझ पारदर्शक आहे, त्यामुळे खालची विटकरी माती आरपार दिसते आणि रंग आणखी मरतो. वाटीच्या कडेवर, जिथे ग्लेझ ओघळून पातळ झालं, तिथे तो जवळजवळ तपकिरी असेल आणि तळाशी साचलेल्या जागी जास्त हिरवा. एकदा नीट निरखून बघा, जाडीने रंग कसा हलतो ते एकाच वाटीत दिसेल.

लाल मातीवर स्वच्छ रंग हवाच असेल तर ती ओली-कडक असतानाच तिच्यावर पांढऱ्या मातीचं स्लिप द्यावं. ग्लेझमध्ये पांढरा ओपॅसिफायर वाढवून मातीला झाकण्याचा उपाय लोक सुचवतात. झाकली जाते खरी, पण तांब्याचा काचेसारखा खोलपणा जातो. मला तो सौदा पटत नाही.

फिरोजी रंगाकडे जाण्याची चाचणी

तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे लाइन ब्लेंड. एका टोकाला तुमचं ग्लेझ ठेवायचं, दुसऱ्या टोकाला सोडियमने भरलेलं, आणि मधले टप्पे मिसळून काढायचे. पहिल्याला क म्हणू. दुसऱ्याची, खची, सुरुवातीची रेसिपी: जास्त सोड्याचं फ्रिट ७० भाग, काओलिन १०, सिलिका २०. अशा फ्रिटच्या नेहमीच्या घटकांवरून हिशोब केला तर वितळवणाऱ्या दहा भागांपैकी सातच्या आसपास अल्कली येते आणि बाकी कॅल्शियम. अॅल्युमिनाही कपेक्षा कमी आहे, आणि फिरोजीला तेही मानवतं; अॅल्युमिना वाढलं की निळा हिरव्याकडे सरकायला लागतो.

दोन्ही ग्लेझची कोरडी पूड १०० ग्रॅम तोला आणि प्रत्येकात ३ ग्रॅम कॉपर कार्बोनेट घाला. पाणी घालून दोन्हींचं एकूण आकारमान बरोबर १५० मिलिलिटर करा आणि बारीक चाळणीतून दोनदा काढा. हे आकारमान सारखं असणं महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं मिसळणं आपण सिरिंजने करणार आहोत. खमध्ये माती कमी असल्याने फ्रिट तळाशी दगडासारखं बसतं. कोरड्या पुडीतच एक-दोन ग्रॅम बेंटोनाइट मिसळून घेतलं तर त्रास कमी होतो. तरीही प्रत्येक वेळी उपसण्याआधी ढवळा. वर तरंगणारं पातळ पाणी सिरिंजमध्ये आलं तर मिश्रणाचं प्रमाण चुकतं आणि ते नंतर कशानेच कळत नाही.

पाच कप घ्या. पहिल्यात क ४० मिलिलिटर. दुसऱ्यात क ३० आणि ख १०. तिसऱ्यात दोन्ही २०. चौथ्यात क १० आणि ख ३०. पाचव्यात नुसतं ख ४०. तांबं सगळ्यांत सारखं राहतं, बदलतो तो फक्त त्याचा शेजार.

टाइल आडवी ठेवून भाजू नका, आडव्या टाइलवर ग्लेझ किती ओघळतं ते दिसत नाही. इंग्रजी एल अक्षरासारखी उभी राहणारी छोटी टाइल करा, तिच्यावर एक-दोन रेघा खोल कोरा आणि एखादी उंच कड ठेवा. बिस्क झाल्यावर पूर्ण टाइल एकदा तीन सेकंद बुडवा, सुकली की वरचा अर्धा भाग पुन्हा बुडवा. एकाच टाइलवर तुम्हाला पातळ, जाड, कडेचं आणि खाचेतलं असे चार निकाल मिळतील. दुहेरी थर वरच का, तर तो ओघळला तरी खाली यायला जागा राहते. नंबर टाइलच्या मागे लोह ऑक्साइडच्या पाण्याने लिहा. पेन्सिल आणि मार्कर भट्टीत जळून जातात. प्रत्येक मिश्रणाची एक टाइल पांढऱ्या मातीची आणि एक लाल मातीची करा. खाली टाकाऊ मातीची ताटली ठेवा, ख टोकाची मिश्रणं पळतात.

निकाल साधारण असा दिसेल. पहिली टाइल तुमच्या वाटीचाच हिरवा. दुसरीत फरक इतका कमी की दोन्ही शेजारी धरल्याशिवाय कळणार नाही. तिसरीत, जिथे अल्कली दहापैकी साडेचारच्या जवळ पोचते, तिथे हिरव्यात स्पष्ट निळं शिरतं. चौथी-पाचवीत फिरोजी. म्हणून रंग नेमका कुठे वळतो ते तिसरी आणि चौथीच्या मध्ये शोधायचं आणि पुढच्या खेपेला त्या दोघांच्या मधले टप्पे काढायचे. दहा वेगवेगळी ग्लेझ एकेकदा करून बघण्यापेक्षा हे फार लवकर उत्तर देतं.

पण त्याच टाइलवर आणखी एक गोष्ट दिसेल, आणि तिच्याकडे रंगाइतकंच लक्ष द्या. ख टोकाकडे ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडेल. भट्टीतून काढल्यावर कानाजवळ धरलं तर टिक-टिक आवाजही येतो. सोडियम-पोटॅशियमचं ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून ताण येऊन ते तडकतं. फिरोजी रंग ज्या अल्कलीमुळे येतो तिच्याचमुळे ही भेग पडते, त्यामुळे एकाला हात लावला की दुसरं हलतं. टाइल काही आठवडे ठेवून पुन्हा बघा. काही भेगा उशिरा येतात. शाई किंवा पाण्यात कालवलेला रंग चोळून पुसला की लपलेलं जाळं उठून दिसतं.

टाइल खरी ठरण्यासाठी भट्टी तीच हवी

टाइल छान आली आणि वाटी वेगळी आली, ही तक्रार कायमची आहे. तिथे आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, उष्णतेचं काम. पायरोमीटरवरचा आकडा फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. ग्लेझला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून कोन ठेवायचा. ऑर्टनचा मोठा कोन ६ शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी तापवलं तर १२२२ अंश सेल्सियसच्या आसपास वाकतो, ताशी १५० अंशांनी पळवलं तर १२४३ लागतात. म्हणजे दोन भट्ट्यांवर १२२२च लिहिलेलं असलं तरी एकीत काम पूर्ण झालेलं असेल आणि दुसरीत नसेल. कोन ५, ६ आणि ७ शेजारी मातीत रोवून वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर ठेवा. ५ पूर्ण झुकलेला, ६चं टोक पायाला टेकलेलं आणि ७ जेमतेम हललेला असला तर भाजणी बरोबर. बऱ्याच भट्ट्यांत वरच्या आणि खालच्या फळीत चांगला अर्धा कोन फरक निघतो, आणि तेवढ्यानेही ओघळणाऱ्या ग्लेझचा रंग बदलतो, कारण जाडी बदलते.

दुसरी, थंड होणं. टाइलपुरती छोटी भट्टी भराभर थंड होते, मोठी भरलेली भट्टी रात्रभर गरम राहते. तुमचं चकचकीत तांब्याचं ग्लेझ याने फारसं बिघडणार नाही. पण मॅट आणि लोहाच्या ग्लेझमध्ये थंड होतानाच स्फटिक वाढतात, त्यामुळे छोट्या भट्टीत काळी चकचकीत आलेली टाइल मोठ्या भट्टीत तपकिरी मॅट येऊ शकते. अशा ग्लेझची चाचणी मोठ्या भट्टीतच, कामाच्या भांड्यांमध्ये ठेवून करावी.

तिसरी, जाडी. बादलीतलं पाणी रोज थोडं उडतं, ग्लेझ घट्ट होतं आणि तेवढ्याच तीन सेकंदांत जास्त थर बसतो. मोजायला सोपं आहे: मोजपात्रात बरोबर १०० मिलिलिटर ग्लेझ घेऊन तोला. वरच्या चाचणीतलं मिश्रण साधारण १४२ ग्रॅम भरेल. टाइलच्या वेळी जो आकडा आला तो वहीत लिहा आणि भांड्यांना ग्लेझ देताना पाणी घालून किंवा निथळवून तोच आणा. लोक रेसिपी दशांशापर्यंत तोलतात आणि पाणी अंदाजाने ओततात. मग रंग दर खेपेला वेगळा येतो आणि दोष कच्च्या मालावर जातो.

तांब्याची आणखी एक खोड: ते तापमानाला थोडं उडतं. अगदी जवळ पांढऱ्या ग्लेझचं भांडं ठेवलं तर त्याच्या त्या बाजूला हिरवट डाग बसू शकतो. पांढरी टाइल खराब आली तर आधी भट्टीत तिच्या शेजारी काय होतं ते आठवा.

वापराची मर्यादा

फिरोजी मिळाला तरी ते ग्लेझ वाटीच्या आत लावू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अल्कली जास्त, अॅल्युमिना कमी आणि वर भेगा, अशा काचेतून आंबट पदार्थात तांबं उतरतं. घरच्या घरी पाहायचं तर टाइलचा अर्धा भाग झाकणबंद बरणीत व्हिनेगरमध्ये तीन दिवस बुडवून ठेवा. बुडालेला भाग फिका पडला किंवा त्याची चकाकी गेली तर निकाल लागला. काही बदल दिसला नाही तर मात्र ते सुरक्षित ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतलीच तपासणी लागते. रंग गडद व्हावा म्हणून तांबं ५ टक्क्यांपुढे नेऊ नका; काचेत मावत नाही तेवढं पृष्ठभागावर काळं, धातूसारखं साचतं आणि तेच सगळ्यात सहज सुटतं. बाहेरून फिरोजी आणि आतून तांबं नसलेलं, न तडकणारं पारदर्शक ग्लेझ, ही वाटणी बरी. तुमच्या मातीवर भेगा पडत नसतील तर आतल्या बाजूला तुमचंच क ग्लेझ, तांबं काढून, वापरून बघा.

भेगा कमी करायच्याच असतील तर चौथ्या मिश्रणापासून सुरू करा आणि सोडियमचा काही वाटा लिथियमला द्या. लिथियमही अल्कलीच, त्यामुळे तांबं निळ्याकडेच राहतं, पण त्याने ग्लेझ आकसणं बरंच कमी होतं. ते फार जोराने वितळवतं, म्हणून लिथियम कार्बोनेट शंभरात १, २ आणि ३ भाग असे तीनच टप्पे करा, प्रत्येक टप्प्याला सोड्याचं फ्रिट थोडं कमी करून, आणि पुन्हा सूत्र तपासून. मास्क लावूनच तोला. या तीन टाइल आधीच्या चौथ्या टाइलशेजारी ठेवा, आणि भेगा कुठे थांबल्या आणि रंग तिथपर्यंत टिकला का ते बघून पुढचं मिश्रण ठरवा.